हात वर केल्यावर लागलेलं लग्न

वारंगा फाट्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर फोटो, व्हिडिओ, ड्रोन आणि लाइव्ह अशी चार कामं लिहिलेली आहेत. त्यातलं ड्रोन सध्या एका विहिरीच्या तळाशी आहे. वरातीचा वरून शॉट घेताना मी घोड्याकडे बघत होतो आणि ड्रोन स्वतःच्या मनाने निघालं होतं, एवढंच सांगतो. पाटी रंगवणाऱ्याने तो शब्द खोडायचे वेगळे पैसे मागितले म्हणून तो अजून तिथे आहे. मी ज्या कामात तरबेज असल्याचं सगळीकडे सांगत फिरायचो ते म्हणजे लाइव्ह. ते शिकलो करोनात. मांडवात मोजकीच माणसं आणि बाकीचं गणगोत मोबाइलसमोर, अशी तेव्हाची लग्नं. मी दोन-चार व्हिडिओ पाहिले, लॅपटॉप घेतला, एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि एका महिन्यात स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो.

करोना ओसरला, मांडव पुन्हा भरू लागले, त्या सुमारास हट्ट्याजवळच्या एका गावातून एक मुलगी स्टुडिओत आली. वसमतला औषधाच्या दुकानात कामाला होती. सोबत तिचा मामा. स्वतःच्या लग्नाचं काम ठरवायला नवरी स्वतः येते असं आमच्याकडे क्वचितच घडतं, म्हणून मी जरा सावरून बसलो आणि अल्बमचे नमुने पुढे सरकवले. तिने ते उघडलेसुद्धा नाहीत.

तिचे वडील गवंडी. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. आता फुप्फुसं गेली होती आणि ते नांदेडच्या एका दवाखान्यात होते. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. म्हणून लग्न घाईने पुढे ओढलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. घरातलं माणूस जायला टेकलं की ठरलेलं लग्न उरकून घेतात. नाहीतर मग वर्षभर थांबावं लागतं, तोवर सोयरीक टिकते की नाही कुणी सांगावं. मुलगी तयार नव्हती. वडिलांनीच हट्ट धरला, तेव्हा हिने अट घातली की बाबा बघत असतील तरच ती हार घालील.

मी विचारलं, साधा व्हिडिओ कॉल का नको? तर साखरपुड्याला तो करून झाला होता. दर दोन मिनिटांनी तुटायचा, आणि वडिलांना चुलत्याचा कान आणि मांडवाचं कापड याशिवाय काही दिसलं नव्हतं.

"दादा, दिसंल ना बाबाला?" तिने विचारलं.

आता इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता की बाई, गावात टॉवर एकच, गर्दी मोठी, शब्द देता येत नाही. मी म्हणालो, "नांदेडला बसून तुमच्या बाबांना साडीचा काठ मोजता येईल."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

हिंगोलीत माझा एक मित्र आहे, तो सभा-संमेलनांचं लाइव्ह करतो. या धंद्यात तो माझ्या पुढे आहे आणि ते मला दर भेटीत ऐकवतो. त्याला फोन केला. प्रश्न एवढाच होता की मांडवातून सर्व्हरपर्यंत चित्र कुठल्या रस्त्याने न्यायचं, आरटीएमपीने की एसआरटीने.

या दोन्हींतला फरक पंगतीत बसलेल्या कुणालाही कळेल. आरटीएमपी हा असा वाढपी आहे की एका पानावर वरण पोचलं नाही तर तो तिथून हलत नाही. ते पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा वाढणार, आणि मगच पुढच्या पानाकडे वळणार. वाटेत काही हरवत नाही, पण मागची सगळी पंगत खोळंबते. खोळंबा फार झाला की मग भांडंच खाली ठेवून निघून जातो. एसआरटी थांबत नाही. पुढे वाढत जातो आणि कुणी 'माझं राहिलं' म्हणून ओरडलं तर माघारी येतो. मात्र माघारी यायला त्याला मुदत दिलेली असते. मुदतीत आला तर ठीक. नाही आला तर ते पान रिकामं राहतं आणि पंगत पुढे सरकते. ही मुदत आपण ठरवायची असते. जितकी मुदत, तितकं चित्र उशिरा दिसतं, पण तितकी गळती भरून निघते.

मित्र म्हणाला, "कोनतंबी घे, पन चित्र बारीक पाठव. आठशे किलोबिट लई झालं. आन एसआरटी घेतलं तर मुदत बराबर दे. पॅकेट जाऊन यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट तरी."

पॅकेट म्हणजे तुकड्यातुकड्याने जाणाऱ्या चित्राचा एक तुकडा, वाढप्याचा एक डाव. मी एसआरटी घेतलं, कारण ते नवं होतं. चित्र बारीक काही ठेवलं नाही, कारण साडीचा काठ. सेकंदाला अडीच हजार किलोबिट, त्याने सांगितल्याच्या तिप्पट. मुदत दोन सेकंदांची द्यायची ठरवली आणि सर्व्हरच्या माहितीपत्रकात पाहून लॅपटॉपात लिहिलं, दोन हजार.

आदल्या दिवशी दुपारी रिकाम्या मांडवात चाचणी घेतली. खुर्च्या टाकणारी माणसं, एक कुत्रं आणि मी. मामा दवाखान्यात टॅबलेट घेऊन बसला होता. म्हणाला, कुत्र्याचे कानसुद्धा मोजता येऊन राहिले. मी इतका खूश झालो की मित्राला फोन करून ते ऐकवलं. तो फक्त म्हणाला, "मांडव भरल्यावर बोल."

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. माणसं जितकी, त्याहून फोन जास्त, आणि तो एक टॉवर. आयसीयूमधल्या सिस्टरने मोठ्या मनाने टॅबलेट आत नेऊ दिला होता. मामा पलंगाशेजारी उभा, आणि त्याचा-माझा साधा फोन सुरू ठेवलेला, म्हणजे काय दिसतंय ते मला कळावं. नवरीने माझ्याशी एक खूण ठरवली होती. सगळं नीट दिसतंय असं मामा म्हणाला की मी हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय ती हार उचलणार नव्हती. माझ्या हाताला आयुष्यात इतकी किंमत कधी आली नव्हती. बायको म्हणते, पुढेही येणार नाही.

वधूवर यायच्या आधीच मामाचा आवाज आला. "भाऊ, चौकोनं चौकोनं दिसून राहिले. मान्साचं तोंड एकीकडं, धड एकीकडं."

लॅपटॉपवर पाहिलं. पॅकेट जाऊन यायला काल जेवढा वेळ लागत होता त्याच्या पाचपट लागत होता आणि वाटेत गळती चालली होती. माझ्या समजुतीप्रमाणे दोन सेकंदांची मुदत होती; तेवढ्यात सगळं भरून निघायला हवं होतं. काहीच भरून निघत नव्हतं. मला वाटलं, हे एसआरटी म्हणजे नुसती हवा आहे. शेवटी जुनं ते कामाचं, असं स्वतःला सांगितलं, एसआरटी बंद केलं आणि आरटीएमपी लावलं. चित्र मात्र अडीच हजारावरच ठेवलं. घाबरलेला माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि तीही चुकीची.

मामाने टॅबलेटवर लिंक पुन्हा उघडली. म्हणाला, "आता हाय चांगलं. आता पोरगी दिसली बरं का दाजी, पाहा."

पांढरी साडी नेसून ती येत होती. सोबत आई. आईला वडिलांनीच दवाखान्यातून हाकलून पाठवलं होतं, माझ्याजवळ बसून काय करती म्हणून. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. सगळे उभे राहिले, मागोमाग म्हणू लागले. फोनमध्ये मला मामाही हळूच म्हणताना ऐकू येत होता, आणि त्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, घासलेला, मध्येच थांबणारा. मी हात वर करायच्या तयारीत होतो.

पंचशील झालं. दोघांच्या हाती हार दिले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी मांडवातल्या प्रत्येकाने फोटो काढायला, स्टेटस टाकायला, कुणी तर आपलंच लाइव्ह करायला फोन वर केला. माझ्या लॅपटॉपातलं हिरवं चिन्ह पिवळं झालं, लाल झालं. वाढपी एका पानापाशी अडला होता. मागे चित्रांची रांग तुंबत गेली, सॉफ्टवेअर एकेक चित्र टाकून द्यायला लागलं, आणि थोड्या वेळाने जोडणीच तुटली.

मामा म्हणाला, "भाऊ, अटकलं."

पुन्हा पुन्हा जोडायला गेलो, जोडेचना. ती हार घेऊन उभी. नवरा तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे. लोकांना वाटलं फोटोवाल्याने थांबवलंय. पोज देतात अशी आजकाल पद्धतच आहे. मग कुजबुज वाढली. वराकडचे एक पाहुणे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काय राव, तुमच्यासाठी लग्न थांबून ठेवलं व्हय?" मी हसलो. दात दाखवण्याशिवाय माझ्याजवळ त्या वेळी काही शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या फोनवरून हिंगोलीच्या मित्राला लावला. सगळं सांगितलं. तो एकदाही चिडवून बोलला नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

"मुदतीच्या रकान्यात काय लिवलं व्हतंस?"

"दोन हजार."

"लॅपटॉपात? का सर्व्हरवर?"

"लॅपटॉपात."

तो म्हणाला, "अरे, सर्व्हरवर ते मिलिसेकंद असतंय. तुझ्या लॅपटॉपात मायक्रोसेकंद. तू दोन सेकंद न्हाई दिले, दोन मिलिसेकंद दिले."

दोन्ही बाजूंनी सांगितलेल्यातली मोठी मुदत धरली जाते. सर्व्हरवर मी काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्याची मूळची एकशेवीस मिलिसेकंदांची मुदत चालली होती. रिकाम्या मांडवात एवढी पुरली, कारण माघारी जाऊन यायला तेव्हा त्याहून कमी वेळ लागत होता. भरल्या मांडवात नुसतं जाऊन यायलाच त्या मुदतीच्या तिप्पट वेळ. म्हणजे हरवलेलं एकही पॅकेट वेळेत परत येणं शक्य नव्हतं. वाढपी पळत होता बिचारा, पण तो पोचायच्या आत पान उचललं जात होतं. एसआरटी बरोबर होतं. चुकीचा होतो तो मी.

तीन शून्यं वाढवली. चित्र आठशेवर आणलं. आरटीएमपी बंद करून एसआरटी पुन्हा लावलं. आकडे बघता बघता निवळले. गळती होत होती, पण भरून निघत होती. मी फोनमध्ये म्हणालो, "मामा, लिंक पुन्हा उघडा. दिसतंय का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. वायर तपासली, सर्व्हरवरचं चित्र स्वतः पाहिलं. स्वच्छ होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मामा बोलला.

"दिसून राहिलं. बराबर दिसून राहिलं. लावा म्हणा लग्न."

मी हात वर केला. नुसता वर नाही, चांगला हलवला. जत्रेत हरवलेलं माणूस सापडल्यावर हलवतात तसा. मी त्या वेळी खरोखर आनंदात होतो. तिने हार घातला. लोकांनी फुलं टाकली. मी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नेला, तिथून साडीच्या काठावर नेला आणि तिथेच धरून ठेवला. दिलेला शब्द पाळतोय असं मला वाटत होतं.

मंगलगाथा संपल्या, पंगती बसायला लागल्या. मी फोन कानाला लावून विचारलं, बाबा काय म्हणाले?

मामा म्हणाला, "लाइव्ह बंद करू नका. जेवनं होऊ द्या सगळ्यायची."

"करत नाही. पण बाबा काय म्हणाले?"

"दाजी गेले, भाऊ. तुमचं अटकलं व्हतं तवा. मला म्हणे, पोरगी हलून काहून न्हाई राहिली, फोटो हाय का हा? म्या म्हटलं, न्हाई, आता हलंल. तेवढ्यात डॉक्टर आले, मला बाहीर काढलं."

मग त्याने मला समजावलं, जणू मीच घरचा होतो. आता सांगून काय मिळणार? लग्न मोडलं नाही, लोक जेवले, मग सांगायचं. हे असंच करतात. तुमी बंद केलं तर ताई इचारील, काहून बंद केलं. म्हणून चालू ठेवा.

मी चालू ठेवलं. पंगतीमागून पंगत उठत होती आणि मी ती सगळी नांदेडला पाठवत होतो, जिथे आता कुणी बघत नव्हतं. टॅबलेट मामाने दवाखान्याच्या जिन्यात पायरीवर ठेवला होता. अख्ख्या कारकिर्दीत माझं लाइव्ह इतकं निर्दोष कधी चाललं नाही. एक चौकोन फुटला नाही, आवाज एकदा तुटला नाही.

नवरीची आई मला जेवायला बोलवायला आली. म्हणाली, तुमच्यामुळं त्यांनी पाहिलं हो. ताटात स्वतः वाढलं. मी नको म्हणणार कसा, काय कारण देणार? बसलो आणि जेवलो. भाजी तिखट होती म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं शेजारच्याला सांगितलं. तो म्हणाला, भाजी तर अळणी आहे.

पाहुणे पांगल्यावर मामा गाडी घेऊन आला. तोपर्यंत मी सामान भरून निघालो होतो. पळालो होतो, असं म्हणा.

पुढे मित्राला मी एकदा विचारलं की आरटीएमपीच ठेवलं असतं, पण आधीपासून बारीक चित्रावर, तर चाललं असतं का. तो म्हणाला, आठशेवर दोन्ही चाललं असतं बहुतेक; पाच-दहा सेकंद उशीर झाला असता, त्याने कुणाचं काय बिघडणार होतं? "आयसीयूतल्या मान्साला साडीचा काठ पाहायचा व्हता का पोरगी?" एवढं बोलून त्याने विषय बदलला. त्यानंतर त्याने मला या कामावरून कधी छेडलं नाही, आणि मला त्याचं ते न छेडणं सहन होत नाही.

पेनड्राइव्ह न्यायला मुलगी दोनेक महिन्यांनी आली, एकटीच. मी कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग छान जोडून ठेवलं होतं. त्यात काही तुटलं नव्हतं, तुटलं होतं ते वाटेत. ते लावायला लागलो तर ती म्हणाली, हे नको.

"बाबाला जसं दिसलं तसं पाह्यचं मला."

सर्व्हरवर पोचलेलं जसंच्या तसं साठवलं जातं, दर जोडणीची वेगळी फाइल. लग्नाच्या दिवसाच्या तीन फाइली होत्या. एकच आहे असं सांगून टाकता आलं असतं. मला खोटं चांगलं बोलता येतं, गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणून मी दहा वर्षं दुकान चालवलंय. पण त्या दिवशी एकही जमेना. पहिली लावली. चौकोन, फुटलेली तोंडं, अर्धवट शब्द. ती शांतपणे बघत राहिली. दुसरी लावली. त्यात ती आईसोबत येते, पंचशील होतं, हार हाती येतात. मग चित्र अडखळतं, एक उडी घेतं, आणखी एक, आणि फाइल संपते. शेवटच्या चित्रात ती हार घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघत उभी आहे.

मी तिसरीवर क्लिक करायला हात नेला.

"ती नको," ती म्हणाली. "तिसरीत बाबा न्हाई. दवाखान्याच्या कागदावर टाइम लिवलेला हाय."

मी तिच्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहिलं.

"मामा म्हणतो, सगळं पाहिलं बाबानं. हार घातला तवा हासले म्हणतो." ती पदर सारखा करत होती. "त्याला सांगू नका दादा, मला कळलं म्हणून. लई जिवावर येऊन बोलला असंल तो."

मी म्हणालो, नाही सांगत. मग म्हणालो की ती चूक माझी होती, मुदतीचा आकडा चुकला, आणि मी तिला मिलिसेकंद आणि मायक्रोसेकंद समजावू लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं. दुकानात औषधाचं माप चुकवणाऱ्या नव्या माणसाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती. तिला ते समजलं होतं, एवढंच.

"याचा फोटो काढून देता येतो का?" तिने पडद्यावरच्या शेवटच्या चित्राकडे बोट दाखवलं.

माझ्याकडे तिचे त्या दिवशीचे पाचशे स्वच्छ फोटो होते. हे चित्र धुरकट होतं, तिच्या खांद्याशी दोन चौकोन फुटलेले, हाराची फुलं एकमेकांत मिसळलेली. मी विचारलं, थोडं साफ करू का? ती म्हणाली, नको, असंच द्या. मी छापलं, कागदी पाकिटात घातलं, आणि तिने ते पिशवीत ठेवायच्या आधी एकदा बाहेर काढून उजेडात धरून पाहिलं. मग वसमतच्या गाडीकडे गेली.